चाक कुठे असताना गर्डर सर्वांत जास्त सोसतो?

प्रभाव रेषा हा एक साधा आलेख आहे. गर्डरच्या लांबीतला एखादा छेद निवडायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक एकक वजनाचे एकच चाक चालवायचे आणि चाक जिथे जिथे असेल तिथे, निवडलेल्या छेदात त्या वेळी किती बल निर्माण झाले ते उभ्या उंचीने मांडायचे. सगळे बिंदू जोडले की त्या छेदाची प्रभाव रेषा तयार होते. पुढे खरी चाके कितीही वजनाची असोत, प्रत्येक चाकाचे वजन त्याच्या खालच्या उंचीने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. चाकांच्या त्या स्थितीत त्या छेदात किती बल येते याचे उत्तर मिळते.

बेंडिंग मोमेंटचा नेहमीचा आलेख आणि मोमेंटची प्रभाव रेषा दिसायला सारखेच त्रिकोण असतात, आणि विद्यार्थ्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. नेहमीच्या आलेखात भार एका जागी उभा असतो आणि आलेखाची प्रत्येक उंची वेगवेगळ्या छेदातला मोमेंट सांगते. प्रभाव रेषेत छेद एकच असतो आणि फिरतो तो भार, म्हणून प्रत्येक उंची त्याच एका छेदाबद्दल बोलते. घराच्या तुळईवर भिंत कायमची उभी असते, तिला पहिला आलेख पुरतो. रेल्वेचा पूल, रस्त्याचा पूल किंवा कारखान्यातली क्रेन यांच्या बाबतीत भार कुठे उभा आहे हेच आधी ठाऊक नसते, तेव्हा प्रभाव रेषेवाचून चालत नाही. ही पद्धत जन्मली तीही रेल्वेच्या काळातच. युरोपात इंजिने दिवसेंदिवस जड होत चालली असताना, १८६७-६८ च्या सुमारास एमिल विंकलर आणि ऑटो मोर या दोन प्राध्यापकांनी ती जवळजवळ एकाच वेळी मांडली.

ही पद्धत समजून घेण्यासाठी कारखान्याच्या शेडमधला गॅन्ट्री गर्डर हे सर्वांत सोयीचे उदाहरण आहे. शेडच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा असतात. खांबांच्या ब्रॅकेटवर एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत पोलादी गर्डर टाकलेले असतात, गर्डरवर रूळ असतो आणि रुळावरून ओव्हरहेड क्रेन शेडच्या लांबीने येजा करते. क्रेनच्या प्रत्येक बाजूला बहुतेक दोन चाके असतात. खांबांमधले अंतर, म्हणजे गर्डरचा गाळा, ७.५ मीटर धरू. एका बाजूच्या दोन चाकांमधले अंतर ३.५ मीटर आणि प्रत्येक चाकाचा भार २०० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे वीस टन. क्रेनची ट्रॉली पूर्ण वजन उचलून या गर्डरच्या अगदी जवळ आलेली असते तेव्हाचा हा भार आहे. ट्रॉली पलीकडच्या बाजूला गेली की या बाजूच्या चाकांवरचा भार बराच कमी होतो, म्हणून हिशेबात घ्यायची ती नेहमी जवळची स्थिती.

गर्डर आतून दोन तऱ्हांनी झुंजत असतो. छेदाच्या एका बाजूचा तुकडा दुसऱ्या बाजूच्या तुकड्याला घासून खाली सरकू पाहतो. या सरकण्याला रोखणारे बल म्हणजे कर्तन बल, ज्याला साइटवर सगळे शिअर म्हणतात. पोलादी गर्डरमध्ये ते मुख्यतः मधल्या उभ्या पत्र्यावर, वेबवर येते. दुसरी तऱ्हा वाकण्याची. गर्डर खाली झुकतो तेव्हा त्याची वरची फ्लँज दाबली जाते आणि खालची ताणली जाते. वाकवण्याच्या या जोराला बेंडिंग मोमेंट म्हणतात आणि तो किलोन्यूटन-मीटरमध्ये मोजतात. वेबची जाडी शिअरवर ठरते आणि फ्लँजची मोमेंटवर, त्यामुळे दोन्हींचे कमाल आकडे स्वतंत्रपणे शोधावे लागतात.

आधी शिअर पाहू. डाव्या आधाराला लागूनच असलेला छेद घेतला तर तिथला शिअर म्हणजे डाव्या आधाराने वर दिलेली प्रतिक्रियाच. एकक चाक डाव्या आधारावर उभे असेल तर सगळे वजन तो आधार उचलतो, म्हणून उंची १. चाक उजव्या आधारावर पोहोचले की डाव्या आधाराकडे काहीच उरत नाही, म्हणून उंची ०. मधल्या प्रवासात ती सारख्या दराने उतरते. आधाराजवळच्या शिअरची प्रभाव रेषा त्यामुळे एक सरळ उतार असतो. या उतारावर जास्तीत जास्त बेरीज मिळवायची तर एक चाक थेट उंच टोकाखाली, म्हणजे आधाराला खेटून हवे आणि दुसरे गाळ्यावर, ३.५ मीटर आत. आतल्या चाकाखालची उंची ४ भागिले ७.५, म्हणजे ०.५३३. बेरीज झाली २०० आणि १०६.७, म्हणजे ३०६.७ किलोन्यूटन. वेब आणि तिचे आधारावरचे वेल्ड या आकड्याला पुरे पडले पाहिजेत.

आता आधारापासून २.५ मीटरवरचा छेद घेऊ. इथे चित्र पालटते. चाक छेदाच्या उजवीकडे असेल तेव्हा छेदातला शिअर डाव्या प्रतिक्रियेइतकाच असतो. चाक छेदाच्या डावीकडे आले की डाव्या तुकड्यावर वरून भारही येतो आणि खालून प्रतिक्रियाही येते, आणि बाकी उरते ती उजव्या प्रतिक्रियेइतकी पण उलट दिशेची. म्हणून रेषा डाव्या आधारापासून शून्यावरून खाली उतरत छेदापाशी उणे ०.३३३ पर्यंत जाते, छेदावर सरळ उभी उडी मारून अधिक ०.६६७ वर येते आणि तिथून उजव्या आधाराकडे उतरत शून्याला मिळते. दोन्ही तिरक्या रेषा समांतर असतात आणि उडीची उंची नेमकी १ असते. हाताने काढलेली रेषा बरोबर आहे की नाही हे या दोन खुणांवरून लगेच कळते. उडी १ भरली नाही किंवा रेषा समांतर दिसल्या नाहीत तर कुठेतरी चूक आहे.

या छेदाचा कमाल शिअर हवा असेल तर एक चाक छेदाच्या लगत उजवीकडे ठेवायचे. त्याच्याखाली उंची ०.६६७. दुसरे चाक आधारापासून ६ मीटरवर, उंची ०.२. बेरीज १७३.३ किलोन्यूटन. पण चाक आणखी अर्धा पाऊल डावीकडे सरकले की तेच चाक उणे बाजूत येते. दुसरे चाक उजवीकडे ३.५ मीटरवर ठेवले तर ते अधिक शिअर देऊन उणे आकडा कमी करते. म्हणून उणे बाजूची कमाल शोधताना दुसरे चाक गाळ्याबाहेर, डावीकडच्या शेजारच्या गर्डरवर असल्याचे धरायचे. आकडा येतो उणे ६६.७.

१७३.३ हाच मोठा आकडा असताना उणे ६६.७ कशाला मोजायचा, असे वाटेल. एकदाच उचलायच्या भाराला तो खरोखरच नको. पण क्रेन दिवसभर फिरते, वर्षानुवर्षे फिरते, आणि पोलादातली वेल्ड थकते ती सर्वांत मोठ्या ताणाने नव्हे, तर ताण किती वरून किती खाली जातो त्या फरकाने. या छेदात क्रेनच्या येण्याजाण्यात शिअर १७३.३ पासून उणे ६६.७ पर्यंत, म्हणजे २४० किलोन्यूटनच्या टप्प्यात झुलतो. फक्त कमाल आकडा पाहणारा हा टप्पा पाहतच नाही. पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीत, थकव्याचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यातली तपासणी याच फरकावर चालते. गॅन्ट्री गर्डरला तडा दिसतो तो बहुधा वेल्डच्या पायथ्याशी, आणि अनेक वर्षांच्या वापरानंतर. तो शोधायचा तर स्टिफनर जिथे फ्लँजला आणि वेबला मिळतो तिथली रंगाची रेघ आधी तपासावी. रंग बारीक फुटून त्यातून गंजाचा ओघळ आला असेल तर आत तडा असण्याची शक्यता मोठी असते.

मोमेंटची प्रभाव रेषा शिअरपेक्षा सौम्य असते. तिला उडी नसते. चाक दोन्ही आधारांवर असताना छेदात मोमेंट शून्य असतो आणि चाक छेदावरच असताना सर्वांत जास्त, म्हणून आकार त्रिकोणाचा आणि टोक छेदाखाली. टोकाची उंची म्हणजे छेदाच्या दोन्ही बाजूंच्या अंतरांचा गुणाकार भागिले गाळा. मध्यावरच्या छेदासाठी ती गाळ्याच्या पाव भागाइतकी, आपल्या गर्डरला १.८७५ मीटर. शिअरच्या रेषेतल्या उंचीला एकक नसते, मोमेंटच्या रेषेतली उंची मीटरमध्ये असते. हिशेबात किलोन्यूटनचे किलोन्यूटन-मीटर कसे झाले हे न कळणाऱ्याने इथे थांबून ही एकके पाहावीत.

मध्यावरच्या छेदाची रेषा घेऊन दोन चाके तिच्यावरून चालवली की एक विलक्षण गोष्ट दिसते. एक चाक बरोबर मध्यावर ठेवले तर दुसरे उजव्या आधारापासून पाव मीटरवर येते. उंची १.८७५ आणि ०.१२५, बेरीज २, मोमेंट ४०० किलोन्यूटन-मीटर. आता क्रेन अशी उभी करू की दोन्ही चाके मध्यापासून सारख्या अंतरावर, १.७५ मीटरवर असतील. दोन्हींच्या खाली उंची १, बेरीज पुन्हा २, मोमेंट पुन्हा ४००. मधल्या कोणत्याही स्थितीत एक चाक मध्याच्या डावीकडे आणि एक उजवीकडे असते. क्रेन सरकताना एका चाकाखाली उंची जितकी वाढते, तितकीच दुसऱ्याखाली घटते. त्यामुळे ३.५ मीटरच्या त्या सगळ्या प्रवासात मध्यावरचा मोमेंट तसूभरही बदलत नाही. मध्यावर ताणमापक चिकटवून क्रेन चालवली तर त्याचा आकडा ४०० पर्यंत चढेल, तिथे सपाट राहील आणि पुन्हा उतरेल. पाहणाऱ्याची खात्री पटेल की गर्डरचा कमाल मोमेंट ४०० आहे.

तो ४०० नाही. गर्डरचा सर्वांत मोठा मोमेंट मध्यावर येतच नाही. तो एखाद्या चाकाखाली येतो, कारण वजन बिंदूवर टेकलेले असेल तर मोमेंटच्या आलेखाला कोपरा फक्त चाकाखाली असतो आणि दोन कोपऱ्यांमध्ये आलेख सरळ रेषेत जातो. म्हणून छेद धरून न बसता, चाक धरून त्याच्यासोबत चालावे लागते. डावे चाक डाव्या आधारापासून अ मीटरवर असेल तर दोन्ही चाकांचा मिळून गुरुत्वमध्य त्याच्या पुढे १.७५ मीटरवर असतो. आधाराची प्रतिक्रिया काढून डाव्या चाकाखालचा मोमेंट मांडला की तो असा येतो:

मोमेंट = (४०० ÷ ७.५) × अ × (५.७५ − अ)

अ आणि ५.७५ वजा अ या दोन संख्यांची बेरीज नेहमी ५.७५ च राहते. बेरीज ठरलेली असेल तर गुणाकार सर्वांत मोठा तेव्हा होतो जेव्हा दोन्ही संख्या सारख्या असतात. म्हणून अ = २.८७५ मीटर. मोमेंट येतो ४४०.८ किलोन्यूटन-मीटर. मध्यावरच्या ४०० पेक्षा तब्बल दहा टक्के जास्त.

या स्थितीत चाक मध्यापासून ०.८७५ मीटर डावीकडे असते आणि दोन्ही चाकांचा गुरुत्वमध्य मध्यापासून तितक्याच अंतरावर उजवीकडे. पुस्तकांतला नियम हाच: चाक आणि एकूण भाराचा गुरुत्वमध्य यांच्या बरोबर मधोमध गाळ्याचा मध्य यावा, तेव्हा त्या चाकाखालचा मोमेंट त्या चाकापुरता कमाल असतो. नियम पाठ करण्यापेक्षा वरचा गुणाकार ध्यानात राहिला तर तो केव्हा लागू पडत नाही हेही कळते. नियमात गृहीत आहे की दोन्ही चाके गाळ्यावर आहेत. चाकांमधले अंतर गाळ्याच्या सुमारे ०.५८६ पटीपेक्षा जास्त झाले, म्हणजे इथे ४.३९ मीटरच्या पुढे गेले, की दुसऱ्या चाकाला गर्डरवर राहू देऊन मिळणारा मोमेंट एकट्या चाकाच्या मोमेंटपेक्षा कमी पडतो. मग एकटेच चाक मध्यावर ठेवून मिळणारा आकडा, २०० गुणिले १.८७५ म्हणजे ३७५, हाच कमाल ठरतो.

संगणकावर हिशेब केला तरी हाच दहा टक्क्यांचा घोळ होऊ शकतो. फिरता भार चालवणाऱ्या आज्ञावलीला गर्डरचे किती छेद तपासायचे ते सांगावे लागते. फक्त दोन्ही टोके, पाव, मध्य आणि पाऊण असे पाच छेद मागितले तर पाव छेदात ३८७.५ येतो, मध्यावर ४०० येतो आणि अहवालात कमाल म्हणून ४०० छापला जातो. खरा ४४०.८ त्या दोन छेदांच्या मधे राहून जातो. गाळ्याचे दहा भाग केले तर ३ मीटरवरच्या छेदात ४४० मिळतो आणि चूक नगण्य होते. क्रेन किती बारीक पावलांनी सरकते यापेक्षा इथे छेद किती जवळजवळ घेतले याला जास्त महत्त्व आहे.

हे आकडे उभ्या स्थिर चाकांचे आहेत. क्रेन वजन उचलताना हिसका बसतो, रुळाच्या सांध्यावर चाक आपटते. भारांच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात, विजेवर चालणाऱ्या ओव्हरहेड क्रेनसाठी चाकाचा उभा भार २५ टक्क्यांनी वाढवून घ्यायला सांगितले आहे. सगळ्या उंच्या वजनाने गुणलेल्या असल्यामुळे वाढही तशीच लागते: मोमेंट ५५१ आणि आधाराजवळचा शिअर ३८३ होतो. गर्डरचे स्वतःचे वजन वेगळे मिळवायचे. त्याचा मोमेंट मध्यावर सर्वांत जास्त असतो, चाकाचा मध्यापासून जरा दूर. काटेकोर म्हणायचे तर दोन्हींची बेरीज एकाच छेदात करायला हवी, पण गर्डरचे वजन चाकांपुढे इतके किरकोळ असते की मध्यावरचा आकडा सरळ मिळवतात आणि चूक सुरक्षित बाजूला राहते.

दोन चाकांवरून अनेक चाकांवर गेल्यावर नवे तत्त्व लागत नाही, पण कोणते चाक निवडायचे हा प्रश्न येतो. रस्त्यांच्या पुलांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवलेल्या ‘क्लास ए’ भारमालेत आठ आस आहेत. पुढचे दोन २७ किलोन्यूटनचे, त्यांच्यामागे ११४ चे दोन आणि शेवटी ट्रेलरचे ६८ चे चार, एकूण ५५४ किलोन्यूटन. आसांमधली अंतरे पुढून मागे १.१, ३.२, १.२, ४.३ आणि नंतर तीनदा ३ मीटर. एखाद्या ओढ्यावरच्या १२ मीटर गाळ्याच्या पुलावरून ही माला गेली तर सगळे आस एका वेळी गाळ्यावर मावतच नाहीत. मालेची लांबी १८.८ मीटर आहे.

मध्यावरच्या छेदाची रेषा दोन्ही बाजूंना सारख्याच उताराची आहे. माला जरा पुढे सरकली की मध्य ओलांडून गेलेल्या आसांखालची उंची घटते आणि अजून मध्याकडे येणाऱ्या आसांखालची वाढते. म्हणून मोमेंट वाढत राहतो जोवर येणाऱ्या बाजूचे वजन गेलेल्या बाजूच्या वजनापेक्षा जास्त आहे, आणि पारडे फिरते ते एखादा आस मध्य ओलांडतो त्या क्षणी. पहिला ११४ चा आस ओलांडून गेला तर गेलेल्या बाजूला १६८ आणि येणाऱ्या बाजूला दुसरा ११४ व पहिला ६८ मिळून १८२. अजून येणारी बाजू जड आहे, म्हणून माला आणखी पुढे न्यायची. दुसरा ११४ चा आस ओलांडला की गेलेल्या बाजूला २८२ आणि येणाऱ्या बाजूला ६८. पारडे इथे फिरले, म्हणजे हवा तो आस हाच. तो मध्यावर असताना उंच्या घेऊन बेरीज केली तर ७०१.८ किलोन्यूटन-मीटर येतात. पहिला ११४ मध्यावर ठेवला असता तर ६९३.४ मिळाले असते. छेद मध्यावर नसेल तर दोन्ही बाजूंचे उतार वेगळे असतात, तेव्हा वजनांऐवजी प्रत्येक बाजूच्या वजनाला त्या बाजूच्या लांबीने भागून तुलना करायची. बाकी रीत तीच.

मग चाक आणि गुरुत्वमध्य यांचा नियम लावू. गाळ्यावर पहिले पाच आस आहेत, एकूण ३५० किलोन्यूटन, आणि त्यांचा गुरुत्वमध्य दुसऱ्या ११४ पासून जेमतेम ०.३२ मीटर पुढे. त्याच्या निम्मे सरकवले की चाकाखालचा मोमेंट ७०२.५ येतो, मध्यावरच्या आकड्यापेक्षा पाऊण किलोन्यूटन-मीटरने जास्त. गॅन्ट्री गर्डरमध्ये दहा टक्के असलेला फरक इथे हजारात एकाइतका उरला. कारण उघड आहे: जड आस गुरुत्वमध्याच्या इतका जवळ आहे की सरकवायला जागाच नाही. म्हणून पुलांचे अभियंते पुष्कळदा मध्यावरच्या आकड्यावर थांबतात आणि ते चुकतही नाहीत. क्रेनच्या गर्डरला तीच सवय लावली की मात्र अंगाशी येते.

शिअरसाठी तीच माला वेगळ्या जागी उभी करावी लागते. आधाराजवळच्या उतारावर बेरीज मोठी करायची तर पहिला ११४ आधाराला टेकवायचा. २७ चे दोन्ही आस तोवर पूल ओलांडून गेलेले असतात, मागचे मात्र गाळ्यावर चढलेले असतात: दुसरा ११४, आणि ६८ चे तीन. बेरीज २७६.१ किलोन्यूटन. त्याआधीची स्थिती, म्हणजे दुसरा २७ आधारावर असताना, २०३.२ देते, आणि पुढची, दुसरा ११४ आधारावर असताना, १९३.९. कमाल कुठे आहे याबद्दल शंका राहत नाही. मात्र गाडी पुलावर दोन्ही दिशांनी येऊ शकते. हीच माला उलट फिरवून, दुसरा ११४ आधाराला टेकवून आणि पुढचे हलके आस गाळ्यावर ठेवून पाहिले तर २४८.३ येतात. कोणी फक्त एवढीच दिशा तपासली तर शिअर दहा टक्क्यांनी कमी धरला जाईल. माला दोन्ही तोंडांनी चालवून पाहणे हा या कामातला नेमच असला पाहिजे.

या दोन स्थितींची तुलना केली की आणखी एक गोष्ट लक्षात येते. मोमेंटच्या कमाल स्थितीत २७ चे आस गाळ्यावर होते आणि मागचे बरेच ६८ बाहेर. शिअरच्या कमाल स्थितीत नेमके उलटे. एकच स्थिती दोन्ही कमाल आकडे कधीच देत नाही. भारतीय रेल्वेच्या पुलांसाठी लखनौच्या संशोधन संस्थेने, आरडीएसओने, इंजिने आणि वाघिणींच्या मालेऐवजी गाळ्यानुसार एकसारख्या पसरलेल्या समतुल्य भाराचे तक्ते दिले आहेत आणि त्यांत मोमेंटसाठी एक आणि शिअरसाठी वेगळा असे दोन आकडे असतात. एक तक्ता वापरून दुसरे उत्तर काढू पाहणाऱ्याला चुकीचे उत्तर मिळते.

पुलालाही हिसक्याची वाढ लागते. काँक्रीटच्या पुलावर क्लास ए साठी ती ३ ते ४५ मीटर गाळ्यात ४.५ भागिले ६ अधिक गाळा एवढी असते, १२ मीटरला २५ टक्के. मोमेंट ८७८ आणि शिअर ३४५ होतो. हे आकडे सगळ्या आसांचे आहेत, एका गर्डरचे नव्हेत. पुलावर तीन-चार गर्डर असतात आणि गाडी कडेने चालली तर बाहेरच्या गर्डरवर जास्त भार येतो. ही आडवी वाटणी वेगळ्या हिशेबाने ठरवायची आणि तिच्या गुणकाने वरचे आकडे गुणायचे. शिवाय ही पद्धत चाकाला गर्डरच्या अक्षावर टेकलेला एक बिंदू मानते. रूळ वेबच्या मध्यावरून जरा सरकलेला असेल तर गर्डरला पीळ बसतो, आणि चाकाखाली वेबचा पत्रा थेट चिरडला जाऊ शकतो. प्रभाव रेषेत यातले काहीच दिसत नाही, त्यांची तपासणी वेगळी करावी लागते.

वरच्या सगळ्या रेषा सरळ आहेत, कारण गर्डर प्रत्येक खांबावर तुटलेला आहे. तोच गर्डर तीन-चार खांबांवरून अखंड नेला तर रेषा वक्र होतात आणि शेजारच्या गाळ्यातला भारही छेदात बल निर्माण करतो, कधी उलट दिशेचे. अशा रेषेचा आकार न मोजता ओळखायची युक्ती जर्मन अभियंता हाइनरिश म्युलर-ब्रेस्लाउ यांनी १८८० च्या दशकात दिली. ज्या बलाची रेषा हवी त्याला रोखणारा बांध त्या छेदात सोडवायचा, म्हणजे मोमेंटसाठी तिथे बिजागर घालायचे आणि शिअरसाठी दोन तुकडे उभे सरकू द्यायचे, आणि त्या दिशेने एक एकक हालचाल द्यायची. गर्डर जसा वाकेल तोच प्रभाव रेषेचा आकार. आधी काढलेल्या साध्या गर्डरवर ही युक्ती लावली तर बिजागरापाशी वर उचललेला त्रिकोण आणि छेदापाशी एक एकक उडी घेतलेल्या दोन समांतर रेषा मिळतात. अखंड गर्डरवर तीच युक्ती कोणते गाळे भारित ठेवायचे ते सांगते: रेषा अक्षाच्या वर असेल त्या गाळ्यांत चाके ठेवायची, खाली असेल ते मोकळे सोडायचे, आणि उलट दिशेच्या बलासाठी नेमके याच्या उलट करायचे.